दोघांचीही मर्मर ३/६: एक पिल्लू, एक म्हातारबा

एकाच घरातले दोन रुग्ण एकाच सकाळी टेबलावर आले. एक नऊ आठवड्यांचं गोल्डन रिट्रीव्हरचं पिल्लू, नातवाच्या हट्टामुळे दहा दिवसांपूर्वीच घरी आलेलं. दुसरा अकरा वर्षांचा मोती, पांढरा, सहा किलोचा. घरचे त्याला पॉमेरियन म्हणतात. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जे कुत्रं गल्लोगल्ली दिसतं ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, मोतीही तसाच. दोघेही लसीसाठी आले होते. दोघांच्याही छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दोघांच्याही कागदावर मी तेच लिहिलं: मर्मर, ३/६.

काकूंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. "म्हणजे दोघांनाही सारखाच हृदयाचा आजार आहे का डॉक्टर?"

सारखा तर नव्हताच. त्यातल्या एकाला हृदयाचा आजारच नव्हता, पण ते त्या सकाळी मलाही ठाऊक नव्हतं. हे कागदावर एकच आकडा असताना कसं होतं, ते सांगायला हा लेख.

आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. निरोगी हृदयाचा आवाज म्हणजे लब-डब. झडपा मिटतात तेव्हाचे हे दोन ठोके, आणि त्यांच्या मध्ये शांतता. रक्त गुळगुळीत वाहतं तेव्हा त्याचा आवाज येत नाही. नळाला लावलेल्या पाइपातून पाणी निवांत वाहत असतं, तोंडावर अंगठा दाबला की फस्स करतं, तसंच. वाट अरुंद झाली, दार नीट मिटलं नाही, नको तिथे भोक राहिलं किंवा रक्त पातळ होऊन फार वेगाने धावू लागलं, की प्रवाहात भोवरे उठतात आणि त्या शांततेत एक सूं-सूं भरते. तीच मर्मर. (संस्कृतात मर्मर म्हणजे वाळल्या पानांची सळसळ. हलकी मर्मर खरोखर तशीच ऐकू येते, त्यामुळे याला वेगळा मराठी शब्द शोधायची मला कधी गरज वाटली नाही.)

आवाज किती मोठा आहे हे सांगण्यासाठी एक ते सहा अशी मोजपट्टी वापरतात. ती मुळात माणसांसाठी बनली. सॅम्युअल लेव्हिन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते आणि १९३३ पासून वापरात आहे. कुत्र्यामांजरांसाठी आम्ही तीच उचलली. पहिल्या ग्रेडची मर्मर पंखा बंद करून, मिनिटभर कान देऊन ऐकल्यावर कुठे सापडते. दुसरी हलकीच असते, पण स्टेथोस्कोप योग्य जागी टेकवताच कळते. तिसरी मध्यम, साधारण लब-डबच्याच तोलाची. चौथी मोठी, छातीच्या दुसऱ्या बाजूलाही ऐकू येते. पाचवी हातालाही कळते: तळवा छातीवर ठेवला तर मांजर घुरघुरत असल्यासारखी थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. सहावीत स्टेथोस्कोप छातीपासून जरासा उचलला तरी आवाज येत राहतो. कागदावर '३/६' लिहायचं कारण एवढंच, की वाचणाऱ्याला मोजपट्टी सहाची आहे हे कळावं.

आता मोजपट्टी म्हटलं की आपण तिला थर्मामीटर समजतो. ती तशी नाही. मोजणारं यंत्र म्हणजे माझा कान. मोती घाबरून धापा टाकत असेल तर त्याची मर्मर एका ग्रेडने वाढलेली वाटते. कारण हृदय खरंच जोरात पंप करत असतं. तोच घरी झोपलेला असताना ऐकली तर कमी भरेल. लठ्ठ कुत्र्यात चरबीचा थर आवाज गिळतो. पिल्लाच्या छातीची भिंत बोटभर जाडीचीही नसते, त्यामुळे लहानसा आवाजही कानाशी येतो. दोन अनुभवी डॉक्टरांमध्ये एका ग्रेडचा फरक पडणं रोजचंच आहे. म्हणून "गेल्या वेळी दोन होती, आता तीन झाली, वाढली का हो?" या प्रश्नाला माझं उत्तर बहुधा "एवढ्यावरून नाही सांगता येत" असं असतं. हल्ली काही तज्ज्ञ सहा पायऱ्यांऐवजी चारच ठेवा म्हणतात: हलकी, मध्यम, मोठी आणि हाताला लागणारी. मला ते पटतं. जेवढा फरक कानाला खरोखर कळतो तेवढ्याच पायऱ्या ठेवलेल्या बऱ्या.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ग्रेड फक्त आवाजाचा मोठेपणा सांगते. आवाज कुठे आहे, ठोक्याच्या कोणत्या भागात आहे, आणि कुत्र्याचं वय-जात काय, हे त्या आकड्यात नसतं. आणि पिल्लू व म्हातारा यांच्यातला सगळा फरक नेमका तिथेच आहे.

पिल्लाकडे आधी येऊ, कारण तिथे घाई आणि घोटाळा दोन्ही जास्त होतात.

नऊ आठवड्यांच्या पिल्लाचं हृदय मिनिटाला दीडशेच्या पुढे सहज पळतं. लब कुठला आणि डब कुठला हे ओळखणंच कठीण, त्यात ते कुईकुई करत असतं, हात चाटत असतं. मी त्याला काकूंच्या कुशीतच ठेवतो, डाव्या काखेत स्टेथोस्कोपची लहान चकती सरकवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं मांडीच्या आतल्या नाडीवर ठेवतो. नाडी हाताला लागते त्याच क्षणी सूं ऐकू आलं, तर मर्मर हृदय आकुंचन पावतानाची आहे. मग चकती इंच-इंच हलवतो: कोपराच्या मागे, जिथे हृदयाचं टोक छातीला टेकतं, मग वर आणि पुढे, जिथून मोठ्या रक्तवाहिन्या निघतात, मग थेट काखेत खोलवर, मग उजवीकडे.

काखेत खोलवर जायचं कारण सांगतो. गर्भात पिल्लाची फुप्फुसं बंद असतात, म्हणून रक्त त्यांना वळसा घालून एका छोट्या नळीतून थेट महाधमनीत जातं. जन्मानंतर काही दिवसांत ही नळी मिटायला हवी. काहींची मिटत नाही. मग महाधमनीतलं जास्त दाबाचं रक्त त्या नळीतून दिवसरात्र फुप्फुसांकडे घुसत राहतं, आकुंचनातही आणि विश्रांतीतही. आवाज थांबतच नाही, पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहतो. पण तो सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो तो काखेत उंचावर. कोपराच्या मागेच ऐकून थांबलं तर तिथे फक्त साधी मध्यम मर्मर मिळते आणि निदान हुकतं. हा विकार पॉमेरियन, माल्टीज, पूडल अशा छोट्या जातींत आणि मादी पिल्लांत जास्त दिसतो. वेळेत सापडला तर मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी सरकवून त्या वाटेत बूच बसवता येतं किंवा शस्त्रक्रियेने ती बांधता येते, आणि कुत्रं पुढे नेहमीसारखं जगतं. नाही सापडला तर अनेक पिल्लं वर्ष-दोन वर्षांच्या आतच हृदय थकून जातात. कुत्र्यांच्या हृदयरोगात 'बरं केलं' असं म्हणता येणारे आजार फार थोडे. त्यातला हा एक, म्हणून तो हुकला की जास्त वाईट वाटतं.

आमच्या गोल्डनच्या काखेत गिरणी नव्हती. मर्मर आकुंचनातच होती, छोटीशी, सुरुवातीला उठून लगेच विरणारी, डाव्या बाजूला वरच्या भागात. नाडी नेहमीसारखी. ही चिन्हं तथाकथित निष्पाप मर्मरीची. वाढत्या पिल्लाचं हृदय त्याच्या अंगाच्या मानाने बरंच रक्त छोट्या वाहिन्यांतून जोरात ढकलत असतं, आणि त्या वयात रक्तही पातळ असतं. जन्मतः रक्तात लाल पेशी भरपूर असतात, मग चार ते सहा आठवड्यांपर्यंत त्यांचं प्रमाण शंभरात तीसच्या आसपास उतरतं आणि पुढे हळूहळू मोठ्या कुत्र्याच्या पातळीला, म्हणजे साधारण सदतीसच्या वर येतं. पातळ रक्त वेगाने धावलं की भोवरे उठतात. झडपांत, भिंतींत काहीही दोष नसताना मर्मर ऐकू येते आणि चार ते सहा महिन्यांच्या वयापर्यंत आपोआप जाते.

फक्त निष्पाप मर्मर बहुतेक वेळा पहिल्या किंवा दुसऱ्या ग्रेडची असते. तिसरी ही सीमारेषा. आणि हे पिल्लू गोल्डन होतं. या जातीत, तसंच न्यूफाउंडलंड, रॉटवायलर, बॉक्सर यांत, महाधमनीच्या झडपेच्या जरा खाली एक आडवी कड वाढून वाट अरुंद करण्याचा जन्मजात विकार आढळतो. त्याची मर्मरही डावीकडे वरच्याच भागात, आकुंचनातच. कानाने दोन्ही वेगळं करणं हलक्या ग्रेडमध्ये जवळपास अशक्य. शिवाय ही कड पिल्लासोबत वाढते: आठ आठवड्यांना आवाज नसलेल्या पिल्लात वर्षभरात मोठी मर्मर उभी राहू शकते. म्हणजे एकीकडे जाणारी मर्मर, दुसरीकडे येणारी, आणि आज दोघी सारख्याच.

इथे हिरड्या बघितल्या. फिकट, भिंतीच्या चुन्यासारख्या नाही, पण फिकट. रक्त तपासलं तर लाल पेशींचं प्रमाण बावीस. या वयाच्या मानानेही कमीच. शौचाच्या नमुन्यात अंकुशकृमींची अंडी होती. हे कृमी आतड्याला चिकटून रक्त पितात आणि आईच्या दुधातूनच पिल्लात येतात, त्यामुळे पिल्लू "घरातून बाहेरच पडलं नाही हो" असं असलं तरी काही फरक पडत नाही. आपल्याकडच्या पिल्लांत मी मर्मर ऐकली की हिरड्या, गोचीड आणि शौच या तीन गोष्टी इकोच्या आधी बघतो. रक्त कमी झाल्याने आलेली मर्मर असेल तर हजारो रुपयांच्या सोनोग्राफीत काहीच दिसणार नाही आणि खरा आजार तसाच राहील.

जंताचं औषध दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा, त्यानंतर पुन्हा. लोह दिलं. तीन आठवड्यांनी लाल पेशी तीसच्या वर गेल्या आणि मर्मर ३ वरून १ वर आली. चौथ्या महिन्यात पंखा बंद करूनही मला ती सापडली नाही. ग्रेड इतकी घसरली याचं कारण हृदय बदललं नव्हतं, रक्त दाट झालं होतं.

पिल्लाच्या बाबतीत आकडा नेमका किती यापेक्षा तो कोणत्या दिशेने जातोय हे जास्त बोलतं. उतरत चाललेला ३ आणि चढत जाणारा २ यांत मला चढणाऱ्याची काळजी वाटते. ग्रेड चार किंवा त्याहून मोठी असेल, आवाज सतत चालू असेल, पिल्लू वाढत नसेल, खेळताना बसून जात असेल किंवा जीभ निळसर दिसत असेल तर वाट बघण्यात अर्थ नाही, थेट इको. सहा महिन्यांनंतरही हलकी मर्मर टिकली तरीही इको. आणि पिल्लात मोठा आवाज म्हणजे मोठा आजार हा हिशेबही नेहमी खरा नसतो. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात भोक असेल तर लहान भोकातून रक्त पिचकारीसारखं सुटतं आणि मर्मर पाचची होते, पण रक्त फारसं जात नाही, कुत्रं आरामात जगतं. भोक मोठं असेल तर दाब समान होत जातो, भोवरे कमी होतात, आवाज हलका होतो आणि आजार मात्र मोठा असतो. नळावर अंगठा किती दाबला त्यावर आवाज ठरतो, पाणी किती सांडलं त्यावर नाही.

आता मोती.

मोतीची मर्मर होती डावीकडे, कोपराच्या मागे, खाली, हृदयाच्या टोकापाशी. लबपासून डबपर्यंत सलग, मधली शांतता पूर्ण भरून टाकणारी. छोट्या जातीच्या, सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्यात या जागी असा आवाज म्हणजे मायट्रल झडपेची गळती, हे जवळपास गृहीत धरायला हरकत नाही. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधलं हे दार. वयाबरोबर त्याच्या कडा जाड होतात, गाठी धरतात, आणि पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार जसं चौकटीत बसत नाही तसं ते मिटताना फट ठेवतं. खालचा कप्पा आवळला की बरंचसं रक्त पुढे महाधमनीत जातं, थोडं फटीतून मागे वरच्या कप्प्यात उडतं. ती फटीतली पिचकारी म्हणजे मोतीची मर्मर. पोमेरियन, डॅशहुंड, शिह त्झू, माल्टीज, चिवावा, पूडल यांच्यात हे फार आढळतं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमध्ये तर कमी वयातच.

इथे मर्मर जाण्याचा प्रश्न नाही. जाड झालेली झडप पुन्हा पातळ होत नाही. पण "मर्मर आहे म्हणजे हृदय निकामी होतंय" हेही खरं नाही. गळती सुरू झाल्यावर हृदय वर्षानुवर्षं निभावून नेतं, आणि अशी पुष्कळ कुत्री शेवटी वेगळ्याच कारणाने जातात. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्यात विचारायचा प्रश्न असा: मागे उडणाऱ्या रक्ताने वरचा कप्पा ताणला गेलाय का, आणि किती?

याचं उत्तर ग्रेड अर्धंच देते. या आजारात आवाज आणि गळती बरीचशी हातात हात घालून चालतात. मर्मर १ किंवा २ असेल तर हृदय मोठं झालेलं असण्याची शक्यता कमी. पाच-सहा असेल, तळव्याला थरथर लागत असेल, तर बहुधा झालेलं असतं. मधल्या तीन-चारमध्ये मात्र दोन्ही सापडतात: तंदुरुस्त हृदय आणि चांगलंच ताणलेलं. मोती नेमका त्या मधल्या पट्ट्यात होता.

म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिनने या आजारासाठी वेगळ्या पायऱ्या आखल्यात, त्यांची आजची आवृत्ती २०१९ ची. 'ए' म्हणजे जातीमुळे धोका आहे पण मर्मर नाही. 'बी-१' म्हणजे मर्मर आहे, हृदय मोठं नाही. 'बी-२' म्हणजे त्रास काही दिसत नाही, पण हृदय ठरावीक मापांपलीकडे वाढलंय. 'सी' म्हणजे फुप्फुसात पाणी झालं, आज किंवा आधी कधी. 'डी' म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारं. यातली बी-१ आणि बी-२ मधली रेष सगळ्यात मोलाची, कारण औषध तिथे सुरू होतं. आणि बी-२ म्हणायला मर्मर किमान ३ हवी, ही त्या रेषेवरची पहिली अट. पिल्लाच्या ३ ने मला त्याच्या हिरड्या बघायला लावलं, मोतीच्या ३ ने मोजमापाकडे ढकललं.

एक्स-रे आडवा काढला. त्यात हृदयाची लांबी घ्यायची, श्वासनळी जिथे दुभागते तिथपासून टोकापर्यंत, आणि मग रुंदी. दोन्ही मापं पाठीच्या कण्यावर ठेवून, छातीच्या चौथ्या मणक्यापासून किती मणके भरले ते मोजायचं. कुत्रं लहान असो मोठं असो, त्याचेच मणके त्याची फूटपट्टी. मला ही युक्ती अजूनही आवडते. मोतीची लांबी सहा मणके, रुंदी ५.२, एकूण ११.२. मर्यादा साधारण १०.५.

मग इको. एका विशिष्ट कोनात महाधमनी गोल दिसते आणि तिच्या शेजारी डावा वरचा कप्पा. महाधमनीचा व्यास १२ मिलिमीटर, कप्प्याचा २१. भागाकार १.७५. हा १.६ किंवा त्याहून जास्त आला की कप्पा ताणलेला. खालच्या कप्प्याचं वजनाच्या प्रमाणात काढलेलं माप १.८ आलं, तिथे रेष १.७ ला आहे. तिन्ही मापं पलीकडे. मोती बी-२ मध्ये.

काकूंना या आकड्यांपेक्षा वेगळीच चिंता होती. मोती वर्षभर खोकत होता, हंसासारखा कर्कश आवाज करून, विशेषतः पट्ट्याला ओढ बसली की. त्यावर कुठूनतरी लघवी वाढवणारी गोळी चालू झाली होती, "हृदयाचा खोकला आहे" म्हणून. ही चूक मला पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून इथे थोडं थांबतो. छोट्या जातींत श्वासनळी मऊ पडून चपटी होणं अतिशय सामान्य, आणि त्यांनाच मर्मरही असते. दोन्ही एकाच कुत्र्यात असल्याने एकाचा दोष दुसऱ्यावर जातो. फुगलेला वरचा कप्पा श्वासनळीच्या डाव्या फांदीला खालून ढोसतो आणि खोकल्यात भर घालतो हे खरं, पण ते फुप्फुसात पाणी होणं नव्हे. पाणी झालेलं कुत्रं खोकण्यापेक्षा जोरजोरात श्वास घेतं. मोतीच्या एक्स-रेत फुप्फुसं काळी, स्वच्छ होती. शिवाय त्याचा ठोका श्वासागणिक कमी-जास्त होत होता: श्वास आत घेताना जलद, सोडताना सावकाश. निवांत कुत्र्यात ही लय असते. हृदय हरू लागलं की ती हरपते आणि ठोका एकसारखा पळत राहतो. पाणी नसताना लघवीची गोळी दिली तर कुत्रं सुकतं आणि भार मूत्रपिंडांवर येतो. ती बंद केली, गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस लावला. खोकला अर्धा त्यानेच गेला.

आणि पिमोबेन्डन सुरू केलं. हे औषध हृदयाचं आकुंचन जोरदार करतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं, त्यामुळे रक्त मागे उडण्यापेक्षा पुढे जायला सोपं जातं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अकरा देशांतली ३६० कुत्री होती, सगळी याच बी-२ पायरीवरची. ज्यांना हे औषध मिळालं त्यांच्यात हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे पंधरा महिने पुढे ढकलली गेली. अकरा वर्षांच्या कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने म्हणजे काय, हे ज्याच्या घरी म्हातारं कुत्रं आहे त्याला सांगावं लागत नाही. मोतीला १.२५ मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी, जेवणाच्या तासभर आधी. बी-१ मधल्या कुत्र्याला मात्र याचा फायदा दिसलेला नाही, त्यामुळे "मर्मर आहे ना, मग देऊन ठेवू" हे बरोबर नाही.

इथे काकूंनी एक प्रश्न विचारला, तो बरेच जण विचारत नाहीत आणि घरी जाऊन करून बसतात. "मग पिल्लालाही हीच अर्धी गोळी दिली तर?"

अजिबात नाही. तेव्हा पिल्लाचा रिपोर्ट आला नव्हता. समजा त्याला महाधमनीखालची ती अरुंद कड असती, तर हृदयाला आणखी जोरात आवळायला लावणारं औषध म्हणजे बंद दारावर जास्त जोराने धडका मारायला लावणं. एकाच्या गळतीवरचं औषध दुसऱ्याच्या अडथळ्यावर घातक. दोघांच्या कागदावर ३/६ असलं तरी.

घरी काय बघायचं ते मी फक्त मोतीसाठी शिकवलं. तो गाढ झोपला की, स्वप्नात पाय हलवत नसताना, पंख्याखाली, छाती एकदा वर-खाली झाली की एक श्वास, असे मिनिटभरातले श्वास मोजायचे. तीसच्या खाली असले की ठीक. मे महिन्याच्या दुपारी मोजू नका, उकाड्यानेच आकडा चढतो. तीसच्या वर गेला तर तासाभराने पुन्हा मोजायचा, तरी वरच असला तर फोन करायचा, रात्र असली तरी. या एका आकड्यावर माझा माझ्या कानापेक्षा जास्त भरवसा आहे. मर्मर ३ ची ४ झाली हे मला सहा महिन्यांनी कळेल आणि त्याचा अर्थ कदाचित काहीच नसेल. झोपेतला श्वास अठराचा चौतीस झाला हे काकूंना त्याच रात्री कळेल. उलट क्वचित असंही होतं, की झडपेला धरून ठेवणारी एखादी दोरी तुटते, गळती अचानक प्रचंड वाढते, कुत्रं धापा टाकत येतं आणि मर्मर पूर्वीपेक्षा मोठीही नसते, कारण थकलेल्या हृदयात पिचकारी मारायचा जोर उरलेला नसतो. तेव्हा ग्रेड बघून निश्चिंत झालेला माणूस फसतो.

मोतीचा इको आता सहा-आठ महिन्यांनी होतो. पिल्लू, त्याचं नाव त्यांनी बाजी ठेवलंय, सहाव्या महिन्यात ऐकलं तेव्हा स्वच्छ होतं, पण गोल्डन असल्याने वर्ष पूर्ण झाल्यावर पुन्हा ऐकायचं ठरलंय. काकूंच्या फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद आहे, रोज रात्री दहाचा मोतीचा श्वास त्यावर लिहितात. गेल्या आठवड्यात आणला होता: १९, २१, १८, २२, २०, मधल्या एका दिवशी ४१, आणि त्याच्या शेजारी नातवाच्या अक्षरात, "बाजी अंगावर बसला होता."